चौथा वाटा, कोणत्या राशीचा

काकीच्या मुलाचं पत्र वाचायचं तर आधी हात धुवावे लागत. तिचा तो नियमच होता. मी तिच्या पडवीत शिरलो की ती तांब्या पुढे करी, माझ्या हातांवर पाणी ओती, आणि ते धोतराला पुसले की मग चुलीच्या वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढी. "काजीचो चीक कागदाक लागलो तर जाणा नाय," म्हणे. आता मी काजूच्या कारखान्यात कारकून होतो, ती तिथेच कामाला. चीक तिच्या हातांना लागे, माझ्या बोटांना फार तर शाई. पण मी कधी तिला तसं म्हटलं नाही. हात धुऊन मुलाचं पत्र वाचणं तिला बरं वाटे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ती माझी सख्खी काकी नव्हती. आमच्या दोन्ही घरांमध्ये एक गडगा होता, कमरेएवढा, दगडांचा, आणि त्यावरून ती आणि माझी आई एकमेकींना मीठमिरची देत. नवरा रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचा, तो लवकर गेला. एकुलता एक मुलगा मुंबईला एका छापखान्यात लागला. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. आई वारल्यावर गडग्यापलीकडून माझ्या जेवणाची भांडी येऊ लागली आणि अलीकडून तिच्या पत्रांचं वाचन. असा तो व्यवहार होता, कोणी कधी न ठरवलेला. मुलाचं "तीर्थरूप आईस" मी वाचलं की ती डोळे मिटे, आणि पत्र संपेपर्यंत उघडत नसे. शेवटी एवढंच विचारी, "सगळा वाचलंस मां?" मी म्हणे, "सगळा." तेवढं तिला पुरे.

हे आधी सांगतो आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कारखाना गावाबाहेर, कुडाळच्या वाटेवर होता. बी भाजायचं भट्टीवर, फोडायचं बाहेरच्या शेडमध्ये, आणि सोललेला गर शेवटी यायचा पॅकिंगच्या खोलीत. तिथे लांब लाकडी फळ्यांवर गर पसरून अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा असा निवडायचा, डब्यात भरायचा, तोलायचा आणि डब्याला कथलाचा डाख लावून तो बंद करायचा. काकी आधी फोडणीला होती. हात काळे झाले आणि नजर बरी राहिली म्हणून तिला पॅकिंगमध्ये घेतली. त्या खोलीत वीस बाया आणि आठ गडी, एकाच फळीशी, एकच काम. गड्याला दिवसाचे दोन रुपये. बाईला दीड.

नवे पैसे येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण बायांच्या तोंडी अजून आणेच होते. गड्याचे बत्तीस आणे, बाईचे चोवीस, मधे आठ आण्यांची भिंत. ती भिंत कधीपासून होती कोणास ठाऊक. एका वर्षी हंगामाच्या ऐन भरात, बाहेरची मोठी मागणी आलेली असताना, काकीने तिला हात घातला.

तिने गड्यांइतकाच दर मागितला तेव्हा शेट म्हणाले, "अगो, गडी डबे उचलतत. तुमी उचलतास?"

शेट म्हणजे आमचे मालक. वाईट माणूस नव्हे. काकी उभी राहिली, भरलेला डबा उचलून तिने सरळ डोक्यावर घेतला, आणि तशीच उभी राहून म्हणाली, "गडी हातात घेतत, आमी डोक्यार घेतो. हाताचे दोन रुपये आनि डोक्याचे दीड? शेटानू, तुमचा डोक्या केवढ्याक दिलास?"

अख्खी खोली हसली. गडीसुद्धा हसले. शेटही हसले, पण दर वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस बाया आल्या, फळीशी बसल्या, आणि कोणीही गराला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून बसल्या. दुपारी भाकऱ्या खाल्ल्या, संध्याकाळी पदर झाडून घरी गेल्या. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी शेटनी रत्नागिरीच्या मजूर अधिकाऱ्याला तार केली. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

त्याच दुपारी शेटनी मला आत बोलावलं.

"साहेब उद्या येतलो. विचारतलो, फरक किती. शेकडा किती तां सांग."

मी पाटी घेतली. मॅट्रिकला माझं गणित चांगलं होतं आणि ते कुणाला दाखवायची संधी काजूच्या कारखान्यात फारशी मिळत नसे. मी लिहिलं: पुरुष दोनशे पैसे, स्त्री दीडशे, फरक पन्नास. पन्नास भागिले दोनशे, म्हणजे शेकडा पंचवीस. मग खाली दुसरी ओळ: पन्नास भागिले दीडशे, म्हणजे शेकडा तेहतीस आणि एक तृतीयांश.

शेट वाकून बघत राहिले. "दोन आकडे? खरो खंयचो?"

"दोन्ही खरे."

"दोन्ही खरे कसे असतले रे? फरक तर आठच आणे."

मी समजावून सांगितलं. आठ आणे हे आठच आणे, पण शेकडा म्हटलं की ते कशाच्या शेकडा हे विचारावं लागतं. गड्याच्या पगारातून बघितलं तर आठ आणे हा चौथा हिस्सा. बाईच्या पगारातून बघितलं तर तोच तिसरा हिस्सा. बाई गड्यापेक्षा पंचवीस टक्के कमी मिळवते, आणि गडी बाईपेक्षा तेहतीस टक्के आणि वर थोडं जास्त मिळवतो. एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितलेली.

शेट म्हणाले, "मगे पंचवीसच लिव. बरो दिसता."

इथे मी थांबायला हवं होतं. इतकी वर्षं माझ्या मनाशी मी या गोष्टीला इथेच संपवत आलो. शेटनी लहान आकडा लिहायला सांगितला, मी नोकर माणूस, लिहिला. पंचवीस खोटा नव्हताच. जगात सगळीकडे पुरुषांच्या पगाराला शंभर धरूनच असा फरक सांगतात, हेही मी पुढे वाचलं, आणि वाचून मला किती बरं वाटलं होतं ते आठवतं. पण गोष्ट इथे संपली नाही. शेट उठायला लागले तेव्हा मीच म्हणालो,

"शेटनू, आणि असं लिहिलं तर? फरक शेकडा पंचवीस आहे, म्हणून बायांना शेकडा पंचवीस वाढ."

"मगे?"

"वाढ त्यांच्या दीडवर धरली जाईल. दीडचा चौथा हिस्सा सहा आणे. आठ नव्हे. दोन आणे तुमचे राहतात. आणि कागदावर मात्र फरक मिटला."

शेट माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, थोडी भीतीच होती म्हणा ना. मग म्हणाले, "शिकलेलो माणूस तो शिकलेलोच," आणि बिडी पेटवली.

ही युक्ती शेटची नव्हती. माझी होती. मला त्यातून एक पैसा मिळणार नव्हता, मिळालाही नाही. नोकरीही धोक्यात नव्हती. मला फक्त माझं गणित कुणीतरी बघायला हवं होतं. वीस बायांचे रोजचे दोन आणे मी त्या कौतुकासाठी दिले. माझं कारण याहून मोठं असतं तर सांगताना थोडं सोपं गेलं असतं.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, सकाळी यायचे ते. एस.टी. तळेऱ्याला बंद पडली होती आणि ते दोन तास फाट्यावर उन्हात उभे राहिले होते. तरुण, सज्जन, घामाने निथळलेले. पाणी प्याले, दोन्ही बाजूंचं ऐकलं. शेट म्हणाले, "साहेब, फरक मिटवायला मी तयार आहे," हे ऑफिसच्या मराठीत. साहेबांना वाद इतक्या लवकर मिटेल असं वाटलं नसावं. त्यांनी मी लिहिलेला मसुदा वाचला:

"पॅकिंग खात्यातील स्त्रियांचा दर पुरुषांच्या दरापेक्षा शेकडा पंचवीसने कमी आहे. सदर फरक दूर करण्याकरिता स्त्रियांच्या दरात शेकडा पंचवीस वाढ देण्यात येत आहे. मुदत दोन वर्षे."

त्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना भुवई किंचित वर गेली असं मला वाटलं, कदाचित माझ्या मनानेच ती वर नेली असेल. पंचवीसचा फरक, पंचवीसची वाढ. वाक्य इतकं सारखं बसलं होतं की कानाला ते बरोबरच वाटे. सहा वाजता परतीची गाडी होती. त्यांनी सही केली.

मग बायांना आत बोलावलं. साहेब मला म्हणाले, "यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा."

काकी सर्वांत पुढे होती. मी कागद हातात घेतला तेव्हा तिने डोळे मिटले.

मी ते बघितलं. पत्राच्या वेळी मिटायची तसेच. मी मालवणीत सांगितलं, आठ आण्यांचा फरक म्हणजे शेकडा पंचवीस, आणि तुमका पंचवीस टक्के वाढ देतत. वाचून झाल्यावर तिने डोळे उघडले.

"म्हणजे आता सारख्या झाला मां?"

साहेब, शेट, वीस बाया, दारात उभे आठ गडी. सगळे माझ्याकडे बघत होते.

"होय," मी म्हणालो. "सारख्या झाला."

तिने अंगठा उठवला. मागोमाग बाकीच्यांनी. मग बाया फळ्यांकडे धावल्याच म्हणायला हवं, त्या दिवशी अंधार पडायच्या आत त्यांनी चार दिवसांच्या तुंबलेल्या कामातला मोठा ढीग उपसला. कुणीतरी गाणं धरलं. संध्याकाळी गडग्यावरून माझ्याकडे सुक्या बांगड्यांचं कालवण आलं, नेहमीच्या दुप्पट. मी ते खाल्लं. सगळं खाल्लं.

पगार शनिवारी, सहा दिवसांचा मिळे. गड्यांना बारा रुपये, बायांना नऊ. नव्या दराचा पहिला पूर्ण हप्ता पुढच्या शनिवारी होता, आणि बायांनी बारा रुपयांचे बेत आधीच करून ठेवले होते. माझ्याच टेबलावरून पगार वाटला गेला. पहिल्या बाईच्या हातात मी सव्वाअकरा रुपये ठेवले. तिने मोजले. पुन्हा मोजले.

"बारा आणे कमी आसत."

"तेवढेच होतात."

"सारख्या झाला म्हणालंस मां तू?"

मी वहीकडे बघितलं. दुसरी आली, तिलाही सव्वाअकरा. तिसरी. मागे कुजबुज, मग आवाज. काकी रांगेत मागे होती. तिने स्वतःचे पैसे घेतले, मोजले नाहीत, कनवटीला लावले, आणि फळीशी जाऊन बसली. समोर निवडलेल्या गराची रास होती. तिने त्यातले बत्तीस अख्खे गर मोजून एका बाजूला घेतले आणि चोवीस दुसऱ्या बाजूला. बाया भोवती गोळा झाल्या. मीही टेबल सोडून मागे जाऊन उभा राहिलो. का गेलो, माहीत नाही.

"ही गड्यांची रास," ती म्हणाली. बत्तीसचे तिने चार सारखे वाटे केले. आठ, आठ, आठ, आठ. एक वाटा बाजूला सारला. "पंचवीस टक्के म्हणजे चवथो वाटो. होय मां?" हे मला.

"होय."

"चवथो वाटो आठ." मग चोवीसचे चार वाटे केले. सहा, सहा, सहा, सहा. "आनि ह्यो आमचो चवथो वाटो. सहा." तेवढे चोवीसमध्ये घालायचे म्हणून तिने फळीवरच्या राशीतून आणखी सहा उचलले आणि चोवीसांशेजारी ठेवले. तीस झाले. पलीकडे बत्तीस. मधे दोन गरांची जागा मोकळी.

ती रापणीच्या घरातली. किनाऱ्यावर जाळं ओढून झालं की मासळीची रास पडते आणि जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा असे वाटे होतात. तिथे कुणी नुसतं "चवथो वाटो" म्हणत नाही. कुठल्या राशीचा, हे आधी बोटाने दाखवायचं असतं. दाखवल्याशिवाय वाटा घेतला तर मारामारी होते.

"उतरूक चवथो वाटो पुरता," ती सावकाश म्हणाली, "पन चडूक तिसरो लागता. चोविसाचो तिसरो वाटो आठ." तिने सहाच्या वाट्याला आणखी दोन गर जोडले आणि मोकळी जागा भरली. जे समजायला मला पाटी लागली होती ते तिने फळीवर केलं. मग वर बघितलं. "खंयच्या राशीचो वाटो, तां कागदार लिवलेला नव्हता?"

कागदावर लिहिलेलं होतं. "स्त्रियांच्या दरात." अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं.

एक बाई ओरडली, "काकीन पयलो अंगठो उठवल्यान! काकीन काय खाल्ल्यान शेटाकडसून?"

"बारा आणे हप्त्याचे! तुजो झील मुंबयक, तुका कित्याक पैशे व्हये?"

दुसरी म्हणाली, "डबो डोक्यार घेतल्यान तेव्हाच माका वाटला, ह्या नाटक."

काकीने त्या कुणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंस तेव्हा जां लिवलेला तांच वाचलंस मां?"

"जां लिवलेला तांच वाचलंय," मी म्हणालो.

ते खरं होतं. "सारख्या झाला" हे वाचलेलं नव्हतं, ते माझं होतं. तिने ते विचारलं नाही. विचारू शकली असती, सगळ्यांसमोर, आणि मी तिथल्या तिथे संपलो असतो. ती बायांकडे वळून म्हणाली, "त्येना बरोबरच वाचल्यान. माकाच समाजला नाय. चूक माजी."

साधं पोस्टकार्ड साहेबांना टाकलं असतं तरी चाललं असतं. "मसुद्यातील वाढीचा पाया चुकला आहे, हेतू समान दराचा होता, शेकडा तेहतीस व एक तृतीयांश हवे, अथवा सरळ दोन रुपये लिहावे." चार ओळी. पोस्टकार्डं माझ्या खणातच होती. त्या शनिवारी नाही, सोमवारी टाकू. सोमवारी नाही, पुढच्या हप्त्यात टाकू. असं करत हंगाम संपला.

दुपारच्या सुट्टीत बाया वडाखाली गोल करून बसत. प्रत्येकीची डबी मधे ठेवायची आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. काकीच्या कालवणाला सगळ्यांत आधी हात जात, त्यावरून लटकी भांडणं होत. त्या शनिवारनंतर तिची डबी मधे ठेवलेली तशीच राही. कुणी तिला उठवलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्या डबीत हात घातला नाही. तीन-चार दिवस तिने वाट बघितली. मग ती विहिरीच्या काठावर एकटीच बसून जेवायला लागली. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून ती विहीर दिसे. ती खिडकी मी लावून घ्यायला लागलो. उकडायचं.

गडग्यावरून भांडी येत राहिली. पत्रं येत राहिली. हात धुवायला पाणी, मिटलेले डोळे, "सगळा वाचलंस मां?", "सगळा." काही बदललं नाही. मला वाटलं ती विसरली. विसरली नाही तर निदान माझ्यावर संशय नाही.

दोन वर्षांनी मुदत संपली. दोन्ही दर वाढवायचे ठरले. बायांनी आता दुसरीला पुढे केलं होतं. बोलणी चालली असताना मागून, अगदी भिंतीजवळून, काकी एवढंच म्हणाली, "टक्को नको. रुपये लिवा. गड्याक किती, बायेक किती. आकडो आकड्याशेजारी."

शेट माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून लिहिलं: पुरुष, दोन रुपये पंचवीस पैसे. स्त्री, दोन रुपये पंचवीस पैसे. शेटनी तो कागद वाचून सही केली. मला वाटतं त्यांनाही त्या दोन वर्षांचं ओझं वाटत असावं. बाया खूश झाल्या, आणि काकीशी दोघी-तिघी बोलायला लागल्या. पण वडाखालच्या गोलात ती परत गेली नाही. तिच्या मागे "खाल्ल्यान" हा शब्द उरला होता, अधूनमधून कुणाच्या तरी तोंडून निसटणारा. आणि त्या दोन वर्षांचे बारा-बारा आणे कुणी परत दिले नाहीत.

मी तिला सांगितलं ते आणखी पाच-सहा वर्षांनी. तोवर तिची दृष्टी अधू झाली होती, काम सुटलं होतं. दुपारची वेळ. मुलाचं पत्र आलं होतं, सून बाळंत झाली, मुलगी. मी वाचून संपवलं. तिने विचारलं, "सगळा वाचलंस मां?" आणि त्या क्षणी मला "सगळा" म्हणता येईना.

"काकी," मी म्हणालो, "तो पंचवीसचो कागद. माका ठावक होता. लिवताना ठावक होता. युक्ती माजीच होती. शेटाची नाय."

तिने पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "माका ठावक आसा, तुका ठावक होता तां."

"कधीपासून?"

"मी गर मोजी होतंय तेव्हा. सगळ्यो बायो गरांकडे बघी होत्यो. तू नाय बघलंस. ज्याका उत्तर ठावक आसता तो कित्याक बघतलो?"

 मी विचारलं, "मगे तू चूक आपल्या अंगावर कित्याक घेतलंस? माका कित्याक वाचवलंस?"

"तुका खंय वाचवलंय रे," ती म्हणाली, थोडी चिडूनच. "गावात वाचूक येता असे लोक किती? तू खोटो वाचतंस म्हणून सांगलंय असतंय, तर माज्या झिलाची पत्रां कोण वाचतलो? आनि जी वाचून झाली ती? तो बरो आसा म्हणून वाचलंस तां खरा की खोटा? त्याचो हात मशीनीत गावलो होतो तेव्हा थोडोच लागलो म्हणून वाचलंस, तां खरा की माका बरा वाटाचा म्हणून? एक कागद खोटो झालो असतो तर सगळे झाले असते. बारा आणे गेले तर गेले. माजो झील गेलो असतो."

सात-आठ वर्षं ती डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवत होती असं मला वाटत होतं. ती विश्वास ठेवायचं काम करत होती, रोज, कष्टाने, फळीशी गर निवडावा तसं.

ती उठली. चाचपडत फळीवरचा डबा काढला. आमच्याच कारखान्याचा गराचा डबा, डाख सुटलेला. पत्रं एकावर एक, जुनी तळाशी. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि तांब्या उचलला.

"हात धू. पयल्यापासून वाच."

मी हात धुतले. तळाचं पत्र काढलं आणि वाचायला लागलो. मुलगा मुंबईत पोचला ते. पहिली खोली. पहिला पगार. हात यंत्रात सापडला तो, "थोडाच लागला आहे, काळजी करू नये." लग्न. दर पत्राच्या शेवटी ती डोळे उघडे, मी कागद तिच्या हातात देई, ती तो बोटांनी चाचपून दुसऱ्या बाजूला ठेवी. तिने कधीची पत्रं किती बारकाईने ऐकली होती ते मला त्या दुपारी कळलं. दोनदा तिने माझ्या आधी पुढचं वाक्य म्हटलं, आणि कागदावर शब्दन् शब्द तेच होतं. उन्हं अंगणातून कलत गडग्यापर्यंत गेली तेव्हा शेवटचं पत्र संपलं.

"बरा," ती म्हणाली. "पत्रां खरी होती." आणि डोळ्यांना पदर लावला. ती माझ्यावर रागावली नाही. त्या दिवशी तिने मला चहा करून दिला, गुळाचा, आणि माझ्या केसांवरून हात फिरवला, मी लहान असल्यासारखा. मग म्हणाली, "माका सांगलंस तां बरा केलंस. पन बारा आणे माजे एकटीचे नव्हते. त्या बायांका सांगतलंस?"

"सांगतलंय," मी म्हणालो.

सांगितलं नाही. दोनदा वडापर्यंत गेलो आणि डब्यांचा हिशेब विचारून परत आलो. पुढे कारखाना बंद पडला, बाया पांगल्या, कुणी मुलांकडे मुंबईला, कुणी दोडामार्गाला लेकीकडे. काकी पुढच्या पावसाळ्याआधी गेली. तिच्या मुलाला शेवटचं पत्र मीच लिहिलं. जसं झालं तसंच लिहिलं.

त्या वीसजणींपैकी सहा अजून हयात आहेत असं मला कळलं आहे. त्यांची नातवंडं शाळेत जातात, वाचतात. हे छापून आलं की एकेकीच्या घरी एकेक प्रत देऊन यायचं मी ठरवलं आहे, आणि नातवंडाने वाचून दाखवेपर्यंत तिथेच बसायचं. मधेच कुणी विचारलं, "सगळा वाचलंस मां?" तर उत्तर त्या मुलाने द्यायचं आहे, मी नाही. काकीने काही खाल्लं नव्हतं. ती पहिला अंगठा उठवून बसली कारण मी "सारख्या झाला" म्हणालो होतो. बत्तीस आणि तीस, मधल्या दोन गरांची जागा मी मोकळी ठेवली होती.